एकट्यात सांगितलेलं

न्यायाधीश म्हणून जन्म गेला तो लोकांना ‘मुद्द्याचं बोला’ असं दटावण्यात. निवृत्तीनंतर मध्यस्थाची मान्यता घ्यायचं ठरवलं, तेव्हा बायको म्हणाली, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं तिथं तरी शिका. प्रशिक्षण चाळीस तासांचं. लुटुपुटीच्या भांडणात मला मध्यस्थ केलं की मी थोड्याच वेळात निकाल देऊन मोकळा. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या; त्या हसून म्हणायच्या, सर, आता खुर्चीवरून उतरा.

एक नियम मात्र त्यांनी घोटून घेतला. एका पक्षाशी एकट्यात बोललात, तर उठण्याआधी विचारायचं, यातलं समोरच्याला काय सांगू? तो नको म्हणाला की तोंडाला कुलूप. कोर्टालासुद्धा सांगायचं नाही.

प्रशिक्षणानंतर ठरावीक प्रकरणं हाताळल्याशिवाय मान्यता मिळत नाही. परभणीच्या मध्यस्थी केंद्रात माझ्याकडे आलेलं पहिलंच प्रकरण घटस्फोटाचं होतं. नवरा-बायको पालमकडचे. (गाव बदललंय, तरी लिहिताना हात अडखळतो.) ती माहेरी निघून गेलेली, अर्ज त्याचा. समोरासमोर दोघं भिंतीकडे बघत बसले. मग मी त्याला एकट्याला आत घेतलं. बराच वेळ तो शेतातल्या बोअरबद्दलच बोलत राहिला. ‘मुद्द्याचं बोला’ अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

मग तो म्हणाला, “ती गेल्यापासून रात्री आतून कडी लावत न्हाई, साहेब. आली तर दार वाजवावं लागू नये.”

हे तिला सांगू का, मी विचारलं.

“नका. पुढच्या तारखेला मीच म्हणतो, चल म्हणून.”

त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो. बायकोने कारण विचारलं, तर तिलाही काही सांगितलं नाही.

पुढच्या तारखेला त्याचा वकील एकटाच आला. छातीत दुखायलंय म्हणून त्याला दवाखान्यात नेलं होतं, वाटेतच संपला. अर्ज निकाली निघाला.

पुढं माझी बाकीची प्रकरणं पूर्ण झाली, मान्यता मिळाली. त्यानंतर एक दिवस ती केंद्रात आली. अंगाने निम्मी झाली होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“साहेब, त्या दिवशी आत त्यांनी माझ्याबद्दल काही चांगलं बोललं का? एवढंच सांगा.”

माणूस गेला म्हणून त्याचा शब्द सुटत नाही, हे मला पाठ होतं. आणि त्या क्षणी त्या नियमाचा मला भयंकर राग आला. आयुष्यात इतके निकाल दिले, पण असं गप्प बसणं कधी वाट्याला आलं नव्हतं. मी म्हणालो, “आतलं काहीच सांगता येत नाही, ताई. चांगलं नाही, वाईटही नाही.”

पदर सारखा करत ती म्हणाली, “चांगलं असतं तर सांगितलंच असतं की तुमी.”

आणि निघून गेली.