सहा मिनिटांत वाचलेली काच

त्वचारोगाच्या त्या दवाखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांच्या तोंडी त्या थांबाबाई. रिपोर्ट कधी मिळेल असं विचारलं की मागच्या खोलीच्या खिडकीतून एकच शब्द बाहेर यायचा, "थांबा." नवरा म्हणायचा, "हिने मला होकार द्यायलाच आठ महिने लावले. तेव्हाही तपासणी चालू असणार."

सव्वीस वर्षं बाई एकच काम करत होत्या. चट्ट्याच्या कडेवर, जिथे तो पसरत असतो तिथे, पात्याच्या बोथट बाजूने हलकेच खरवडायचं. काळ्या कागदावर पडलेला पांढरा कोंडा काचेवर घ्यायचा, त्यावर केओएच या क्षाराचा थेंब, वर पातळ काच. मग वीस मिनिटं हात बांधून बसायचं. त्या थेंबाने कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, आणि बुरशी असलीच तर तिचे धागे तेवढे मागे उरतात. उरलेला कोंडा पुढे लागला तर म्हणून त्याच काळ्या कागदाच्या पुडीत ठेवायचा. बुरशी दिसली की दिसली तशी वहीत पेन्सिलीने काढायची. ही चित्रं काढायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात चित्रकलेऐवजी विज्ञान घ्यावं लागलं होतं, त्याची ती भरपाई.

गुरुवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बारा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. दंडावर गोल, लालसर चट्टा. मुलगी जिम्नॅस्टिक्स करणारी, आणि शनिवारी सकाळी तिची बस निवड शिबिराला निघणार होती. तिथे सगळ्या मुली एकाच गादीवर लोळणार. प्रशिक्षकांनी बजावलं होतं, गजकर्ण नाही असं डॉक्टरांचं पत्र आणा, नाहीतर बसमध्ये चढू नका.

आई दर दोन मिनिटांनी खिडकीशी. "बाई, झालं का हो? बघता का जरा?"

"थांबा."

"थांबतेच आहे. पण आत नंबर लागलाय, ते म्हणतात रिपोर्ट घेऊनच या."

मागून आणखी चार जण डोकावत होते. बाई वैतागल्या. सहाव्या मिनिटाला त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. चमकणाऱ्या रेघांचं जाळं समोर होतं. वहीत भराभर चित्र काढलं, रिपोर्टवर लिहिलं, 'बुरशीचे धागे दिसले.' डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं आणि पत्राला नकार दिला. मुलगी बाही खाली ओढून आईच्या मागे मागे निघून गेली.

शुक्रवारी सकाळी बाईंनी वही उघडली ती तारीख टाकायला. कालच्या पानावर नजर गेली आणि हात तिथेच राहिला.

चित्रातल्या रेघा बंद होत्या. एक घर, त्याला लागून दुसरं, मग तिसरं, फरशी बसवावी तसं. बुरशीचा धागा असं कधी करत नाही. तो पेशींच्या भिंतींना जुमानत नाही, सरळ आडवा निघून जातो. त्याची जाडी सारखी असते, मध्ये आडवे पडदे असतात, आणि फाटा फुटला तरी तो पुन्हा येऊन घर बंद करत नाही. कालच्या रेघा मात्र नेमक्या पेशींच्या कडेकडेने फिरल्या होत्या. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे मध्येच तुटलेल्या. पेशी नीट विरघळल्या नाहीत की त्यांच्या सीमा अशा चमकतात. शिकायला आलेल्या मुलींना बाई हेच पहिल्या दिवशी सांगायच्या.

"अगं बये," त्या स्वतःलाच म्हणाल्या.

कालची काच वाळून खडे धरून बसली होती, तिचा उपयोग नव्हता. पण पुडी होती. त्यांनी उरलेला कोंडा नव्या काचेवर घेतला, थेंब टाकला, आणि खिडकीचं दार लावून घड्याळासमोर बसल्या. मुद्दाम सहाव्या मिनिटाला पाहिलं. जाळं होतं, कालच्यासारखंच. उजेड कमी केला, रेघा उठून दिसाव्यात म्हणून. सूक्ष्मदर्शकाच्या नळीचं चाक पुढेमागे फिरवलं. पंधराव्या मिनिटाला जाळं फिकट झालं होतं. विसाव्या मिनिटाला राहिले नुसते पुसट डाग आणि हवेचे दोन बुडबुडे. एका कोपऱ्यात लांब धागा दिसला तेव्हा त्यांनी मोठं भिंग फिरवून आणलं. पण तो फारच जाड होता, पडदे नाहीत, फाटे नाहीत. कापसाचा तंतू.

त्या उठून सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. आत पेशंट नव्हता, ते एक बरं.

"मॅडम, कालचा एक रिपोर्ट मी चुकवला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही?"

"सहा मिनिटांत वाचला."

"तुम्ही?" डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या.

"मॅडम, किती वेळा विचारणार? मीच."

फोन लावला तेव्हा आईने आधी ऐकूनच घेतलं नाही. मग चिडली. "काल तुम्हीच लिहून दिलंत ना? रात्रभर पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली. आता सांगताय चुकलं?"

"हो ताई. चूक माझीच. पण नक्की काय ते सांगायला मला पुन्हा खरवडायला हवं. लगेच येता का? मलम लावलंत?"

"नाही. तिने हातच लावू दिला नाही."

"फार बरं झालं."

अर्ध्या तासात मायलेकी हजर. बाईंनी चट्ट्याच्या कडेवरून तीन ठिकाणी खरवडलं. मुलगी म्हणाली, "गुदगुल्या होतात." मग म्हणाली, "पाठीवर पण खाजतंय, तिथलं घेणार?"

"पाठीवर काय आहे?"

आईने टी-शर्ट वर केला. आठ-दहा बारके लांबट डाग, कडेला नाजूक सालं. "हे कधी आलं गं? मला बोलली का नाहीस?"

"तू दंडाचंच विचारत होतीस."

बाईंनी पाठीवरूनही एक घेतलं. चार काचा, प्रत्येकीला वीस मिनिटं. आई खिडकीशी येऊन उभी राहिली. तोंड उघडलं आणि मिटलं. बाईच म्हणाल्या, "विचारा हो, विचारलंत तरी मी आता बधणार नाही."

चारही काचा बाईंनी कोपरा न् कोपरा फिरून पाहिल्या, आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली, मग जास्त. एकही धागा नाही. रिपोर्ट घेऊन त्या स्वतः आत गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली, दंड पाहिला. "एक मोठा चट्टा आधी, मग पाठीवर हे छोटे. ओळखीचं दुखणं आहे. काल पाठ पाहिली असती तर मलाही कळलं असतं, तेव्हा चूक एकट्या बाईंची नाही. गजकर्ण नाही, गादीवरून कुणाला लागणार नाही. दोनेक महिन्यांत आपोआप जातं. खात्रीसाठी थोडा कोंडा प्रयोगशाळेत ठेवून त्यात बुरशी वाढते का तेही पाहू. पण पत्र मी आत्ता देते."

"म्हणजे उद्या बसमध्ये..." आईने विचारलं.

"बसवा की."

आई मटकन खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली, की रडू लागली, ते तिचं तिलाच ठाऊक. मुलगी पत्र मुठीत घेऊन बाहेर पळाली, आणि कॉरिडॉरमध्ये धप्पकन आवाज झाला. दार उघडून पाहतात तो ही हातांवर उभी, पाय भिंतीला, तोंड लालबुंद.

"अगं, दवाखाना आहे हा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

थांबाबाईंनी खाली वाकून तिचं उलटं तोंड पाहिलं. "पत्र चुरगाळू नकोस गं. आण इकडे, मी धरते."

मुलीने एका हातावर तोल सांभाळत पत्र त्यांच्याकडे दिलं. बाई ते दोन्ही हातांनी सपाट करत तिथेच उभ्या राहिल्या, ती पाय खाली आणीपर्यंत.