सहा हजारांच्या आत

माझ्या हृदयात स्टेंट बसून दोन वर्षं झाली होती, पण बुटीबोरीच्या आमच्या कापड कारखान्यात मी अजून काचेचं भांडंच होतो. स्टोअरमध्ये मी एखादा हलकासा खोका उचलायला वाकलो, की चार हात पुढे यायचे. ते प्रेम आहे हे मला कळायचं आणि त्याचाच भयंकर राग यायचा.

अशात एचआरचा ईमेल आला. महिनाभर रोज दहा हजार पावलं चालायची, पाचपाच जणांचे संघ, मोबाइलवर मोजणी. आमच्या स्टोअरचे चौघे तयार झाले आणि मी समोर बसलेला असताना पाचवा शोधायला पॅकिंग खात्यात गेले.

मी तडक एचआरच्या बाईंना ईमेल ठोकला. 'माझ्या हृदयाचा आजार आपल्याला ठाऊक आहेच. दहा हजार मला झेपणार नाहीत. झेपेल एवढं लक्ष्य द्या, पण संघात घ्या. नुसतं बघत बसणं मला जमत नाही.'

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण पक्क्या. उत्तर फक्त मलाच आलं: आजाराचा तपशील नको, किती चालायचं एवढं डॉक्टरांकडून लिहून आणा. रामदासपेठेतल्या माझ्या डॉक्टरांनी तपासून लिहिलं, चार ते सहा हजार पावलं, चालताना बोलता येईल अशा बेताने. छातीत दुखलं, धाप लागली किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि कळवायचं. कारखान्याच्या डॉक्टरांनीही ते मान्य केलं. मग बाईंनी मला स्टोअरच्या संघात पाचवा म्हणून घेतलं आणि ठरवलं, ज्याने त्याने आपापलं लक्ष्य गाठलं की संघाला एक गुण. मी मात्र सहा हजारांच्या वर गेलो, तर त्या दिवशी शून्य.

"काका, मी तुम्हाला ओळखते," त्या म्हणाल्या.

खरंच ओळखत होत्या. तिसऱ्याच दिवशी मी सात हजार चालून फुशारकी मारत आलो. शून्य मिळालं. आमच्या संघातला पारशिवनीचा सोबती दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही आणि पॅकिंगवाले बरोबरीत होतो. मोजणी संध्याकाळी सहाला बंद होणार होती आणि माझी साडेतीनलाच पाच हजार नऊशे पावलं झाली होती. सोबत्याने खुर्ची ओढून मला तीत बसवलं.

"उठू नको गा. काय पायजे ते मले सांग."

फोन खणात ठेवून हिंडतो, अशी युक्ती मी सुचवली.

"महिनाभर खरं चाललो, आता लबाडी काहून?"

मग चहा जागेवर आला, रजिस्टर जागेवर आलं. साडेपाचला सुटी झाल्यावर चौघांनी मला मालाच्या ट्रॉलीवर बसवून कारखान्याच्या बसपर्यंत ढकलत नेलं. एचआरच्या बाई दारात तोंडाला पदर लावून हसत होत्या. सहाला फोन पाहिला, पाच हजार नऊशे एकोणचाळीस.

दोन वर्षं ही माणसं मला भीतीपोटी बसवत आली होती. त्या दिवशी त्यांनी मला बसवलं, कारण माझ्या एका गुणावाचून त्यांचं अडलं होतं. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी बसलो नव्हतो.