लुसुंगुचं स्वागताचं भाषण

लुसुंगु चावुलाला पदवीदान समारंभात स्वागताचं भाषण करायला निवडलं, तेव्हा वर्गातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, तिला मात्र नको म्हणावंसं वाटलं. ती वर्गात सगळ्यांत मोठी होती. लग्न झालेली, एका मुलीची आई. वर्गप्रमुखही तीच. त्यामुळे नकाराला जागाच नव्हती.

मिशनच्या या नर्सिंग कॉलेजात भाषणाची एक ठरलेली रीत होती. आधी प्रमुख पाहुणे, मग मंडळाचे अध्यक्ष, मग प्राचार्या, मग गावचे परंपरागत प्रमुख, मग पाद्री, मग शिक्षक, पालक आणि शेवटी विद्यार्थी, या क्रमाने सगळ्यांना नमस्कार. क्रम चुकला की तो माणूस वर्षभर लक्षात ठेवतो. मग स्वागत, मग आभार. सगळं पाच मिनिटांत. भाषण इंग्रजीत, पण पालकांना कळावं म्हणून मध्ये थोडं तिथल्या तुंबुका भाषेतही चालायचं. आणि लिहिलेला कागद आधी म्सोवोया सरांना दाखवायचा.

म्सोवोया सर पहिल्या वर्षाला शुश्रूषेची मूलतत्त्वं शिकवायचे. बारीक, उंच, कायम इस्त्रीचा कोट. चुकीची उशी ठेवली तरी सगळा पलंग उसकटून पुन्हा करायला लावायचे. लुसुंगुचा कागद त्यांनी उभ्या-उभ्याच वाचला.

"शिक्षकांबद्दल छान लिहिलंयस," ते म्हणाले. "घरच्यांबद्दलही ठीक. पण हे रुग्णांचं काय? एका बाईंची अख्खी हकिगत लिहिलीस."

"सर, त्यांच्यामुळे मी शिकले."

"मी तुम्हाला पहिल्या आठवड्यात काय शिकवलं? रुग्णाचं नाव, गाव, आजार वॉर्डच्या दाराबाहेर जात नाही. आणि तू तो मायकवर नेणार?"

"नाव लिहिलं नाहीये, सर."

"नाव नसलं म्हणून काय झालं? आजार लिहिलायस, वॉर्ड लिहिलायस, महिना लिहिलायस. या डोंगराच्या आजूबाजूला तेवढ्यावरून बाई ओळखायला किती वेळ लागेल?" त्यांनी तो परिच्छेद पेनाने आडवा खोडला. "'रुग्णांचेही आम्ही आभारी आहोत.' एवढंच. पुढे चल."

लुसुंगुने कागद परत घेतला. सर बरोबर बोलत होते, हे तिलाही कळत होतं. पण "रुग्णांचेही आभारी आहोत" हे वाक्य दरवर्षी कोणी ना कोणी वाचायचं, आणि ते ऐकताना मागच्या बाकांवर लोक खुर्च्या सरकवायचे.

ती बाई म्हणजे न्या-लुंगू. बाळंतपण फार वेळ अडून राहिलं, मूल गेलं, आणि आतून इजा होऊन लघवी सतत गळायला लागली. नवऱ्याने परत माहेरी पाठवलं. माहेरच्यांनी वेगळी झोपडी दिली. काही वर्षं अशीच काढल्यावर कोणीतरी तिला इथे आणलं, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन आठवडे तिला नळी लावलेली होती. नळी तुंबली तर आतले टाके उसवतात, म्हणून थोड्या-थोड्या वेळाने पिशवी बघायची, लघवी मोजायची, भरपूर पाणी प्यायला लावायचं, हे काम दुसऱ्या वर्षाच्या लुसुंगुकडे होतं. ती वेळेवर यायची, वाकायची, पिशवी बघायची, आकडा लिहायची आणि पुढच्या पलंगाकडे जायची.

एका दुपारी न्या-लुंगू म्हणाली, "पोरी, तू रोज माझ्या पिशवीला भेटायला येतेस. मी इथे वरच्या बाजूला असते."

लुसुंगुला आधी हसू आलं, मग आलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. त्या दिवशी न्या-लुंगूने सांगितलं की पाणी ती मुद्दाम कमी पितेय. इतकी वर्षं ओलं होऊ नये म्हणून पाणी टाळायची सवय लागलेली, ती सुटत नव्हती. आकड्यांत लघवी कमी दिसत होतीच, पण कमी का, हे कोणी विचारलं नव्हतं. लुसुंगुने ते सिस्टरांना कळवलं आणि रोज तिच्याशेजारी बसून गप्पा मारत पेला रिकामा करवून घेतला. आतली जखम भरली. बाई कोरडी घरी गेली. म्हणजे घरी नाही, रुम्फीच्या बाजारात. तिथे ती सुकी उसिपा मासळी विकायला लागली, आणि नव्याने लग्नही केलं.

सरांनी कागद खोडल्यानंतरच्या शनिवारी लुसुंगु बाजारात गेली. न्या-लुंगू मासळीचे ढीग लावत होती. शेजारणी जवळच. लुसुंगुने एक ढीग घेतला आणि हळूच म्हणाली, "मावशी, जरा दुकानामागे येता का? एक विचारायचंय."

मागे गेल्यावर तिने सगळं सांगितलं. न्या-लुंगू ऐकत राहिली, कमरेच्या कापडाला हात पुसत.

"माझ्या या नवऱ्याला माहीत नाही," ती म्हणाली. "त्याला मी पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलंय."

"मग राहू दे, मावशी. नाही सांगत."

"तसं नाही म्हटलं मी. नाव नको. गाव नको. आजार तर नकोच. पिशवीही नको, ती ऐकून बायका लगेच ओळखतील."

"मग राहिलं काय?"

"मी जे बोलले ते राहिलं," न्या-लुंगू म्हणाली. "ते तर माझंच आहे ना? ते सांग."

लुसुंगु परत आली आणि नव्याने लिहायला बसली. पिशवीच्या जागी पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला नोंदींचा कागद आला. वॉर्ड गेला, महिना गेला, बाई गेली, "एक रुग्ण" राहिला. इंग्रजीत ते कोरडं वाटलं म्हणून तिने तो भाग सगळा तुंबुकात केला. मग ती पुन्हा म्सोवोया सरांकडे गेली.

"परवानगी घेतली?" सरांनी विचारलं.

"हो. जाऊन विचारलं. काय नको ते त्यांनीच सांगितलं."

"आता वाचून दाखव."

तिने वाचलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. "यावरून ती व्यक्ती कोणाला ओळखता येईल?"

"फक्त तिला स्वतःला, सर."

सर खिडकीकडून वळले. मग त्यांनी कागद हातात घेतला, वरचा शिक्षकांच्या आभारांचा लांबलचक परिच्छेद बघितला आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त ओळी खोडल्या. "पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. आमची एवढी स्तुती लागत नाही. आम्हाला पगार मिळतो." मग जरा थांबून म्हणाले, "झगांबो बाईंची ओळ मात्र ठेव. त्या प्राचार्या आहेत, मला इथे नोकरी करायचीय."

समारंभाच्या सकाळी हॉलसमोरच्या मैदानात तंबू लागले. लुसुंगुची सासू न्या-कुमवेंडा नातीला घेऊन पहाटेच्या मिनीबसने आली होती. लुसुंगु कॉलेजच्या वसतिगृहात राहिली तेवढी वर्षं मुलीला तिनेच सांभाळलं. मुलगी आजीला आई म्हणायची आणि लुसुंगुला नावाने हाक मारायची.

"माझं नाव घेऊ नकोस हं भाषणात," न्या-कुमवेंडाने दटावलं. "लोक वळून बघतात. मला ते नाही आवडत."

"बरं आई."

"आणि टोपी सरळ कर. वाकडी झालीय."

पाहुणे उशिरा आले, आणि जे प्रमुख पाहुणे यायचे होते ते आलेच नाहीत. मंत्रालयातून त्यांच्या जागी एक उपसंचालक बाई आल्या. सूत्रसंचालकाने लुसुंगुच्या कानात नाव सांगितलं. तिने व्यासपीठाच्या पायरीवर उभं राहूनच कागदावर पहिली ओळ बदलली. या घाईत ती परंपरागत प्रमुखांना विसरली. पाद्र्यांचं नाव घेतल्यावर पहिल्या रांगेत कुजबुज झाली. प्रमुख समोर बघत बसले होते, चेहरा दगडासारखा. लुसुंगु थांबली, गुडघे वाकवून त्यांच्याकडे वळली आणि तुंबुकात म्हणाली, "आजोबा, तुमची लेक घाबरलीय. तुमचं नाव घशात अडकलं होतं, ते आता निघालं." लोक हसले. प्रमुखांनी काठी जराशी उचलली. म्हणजे माफ झालं.

मग भाषण सरळ गेलं. शिक्षकांचे आभार मानताना तिने म्सोवोया सरांनी उसकटलेल्या पलंगांचा उल्लेख केला, वर्ग हसला, सर हसले नाहीत. घरच्यांचे आभार मानताना तिने नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली की आमच्यापैकी काहींची मुलं दुसऱ्यांना आई म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात. न्या-कुमवेंडाने नातीच्या फ्रॉकची बटणं उगाचच सोडली आणि पुन्हा लावली.

वॉर्डच्या व्हरांड्यात रुग्ण पांघरुणं घेऊन उभे होते, भोंग्याचा आवाज तिकडे जात होता. लुसुंगु तुंबुकात बोलू लागली. "एका रुग्णाने मला एकदा सांगितलं, पोरी, तू रोज माझ्या कागदाला भेटायला येतेस, मी इथे वर आहे. पुस्तकात सगळं होतं, हे नव्हतं. तुम्ही आमच्या थरथरत्या हातांपुढे हात धरलात. आम्ही पहिल्यांदा शीर शोधली ती तुमच्या हातावर. तुम्ही आम्हाला पुन्हा प्रयत्न कर म्हणालात. त्याबद्दल तुमचे आभार."

मागच्या बाकांवर कोणी खुर्ची सरकवली नाही. व्हरांड्यातून आधी टाळ्या आल्या, मग तंबूतून. पुढे दिवे लावले गेले, शपथ झाली, बिल्ले लावले गेले.

जेवायला मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा, कोंबडी आणि भाजीचा रस्सा होता. लुसुंगु ताट घेऊन उभी असताना कुबडी घेतलेला एक म्हातारा आला.

"ते मीच बोललो होतो," तो म्हणाला. "कागदाचं. आठवतंय का? पाय मोडला होता माझा."

लुसुंगुला तो आठवत नव्हता. नाही म्हणावं तर मग कोण, असा प्रश्न येणार. हो म्हणावं तर खोटं. ती म्हणाली, "पाय कसा आहे आता, बाबा?"

मग एक बाई आली, कडेवर बाळ. तिलाही तेच वाटत होतं. थोड्या वेळाने वॉचमनच्या आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, सगळ्यांसमोर माझी गोष्ट सांगितलीस, बरं केलंस. लुसुंगुने प्रत्येकाला तब्येत विचारली आणि पुढे गेली. म्सोवोया सर कोंबडीचा तुकडा तोडत बाजूलाच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"असे किती जण झाले?" त्यांनी विचारलं.

"तीन, सर."

"हं," ते म्हणाले. "एवढ्या जणांशी आपण कागद बघूनच बोललो तर." आणि रस्सा वाढून घ्यायला गेले.

न्या-लुंगू समारंभाला आली नव्हती. बाजाराचा दिवस होता. पण बातमी तिच्यापर्यंत पोचली, कारण पुढच्या वेळी लुसुंगु गेली तेव्हा तिने ढिगावर आणखी मूठभर उसिपा टाकली.

"एक कुबडीवाला म्हातारा इथे सांगत होता, ते भाषण त्याच्यावर होतं म्हणून," ती म्हणाली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, असेल." तिने पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली. "तू आता कुठे जाणार?"

अजून नर्सिंग परिषदेची परीक्षा बाकी होती. ती पास झाल्याशिवाय कुठेच नेमणूक नाही. तळ्याकाठच्या आरोग्य केंद्रात जागा आहे असं ऐकिवात होतं. लुसुंगुने ते घरी सांगितलं तेव्हा न्या-कुमवेंडाने एवढंच विचारलं की तिथे शाळा किती लांब आहे, आणि त्या आठवड्यापासूनच ती आपली भांडी एका पोत्यात भरायला लागली.