हेडनोट

वसई कोर्टात मी सहा महिने एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढले. त्या सहा महिन्यांत मी कायदा सोडून सगळं शिकले: तारीख कशी मागायची, बेलिफाला चहा कधी पाजायचा, अशिलासमोर फाईल किती जोरात आपटायची. साहेबांचा आवाज मोठा होता आणि वाचन शून्य. निकालांच्या मासिकातला निकाल ते कधीच वाचत नसत. निकालाच्या वर सारांशाच्या चार-सहा ओळी छापलेल्या असतात, त्यांना हेडनोट म्हणतात. तेवढीच वाचायची, पानात कागदाचा कपटा घालायचा आणि कोर्टात ती गर्जून म्हणायची. “खालचं सगळं रद्दी असतं,” हे त्यांनी मला शिकवलेलं एकमेव तत्त्व.

मी ते काम सोडलं आणि फोर्टमध्ये अशाच एका मासिकाच्या कचेरीत हेडनोट लिहायला लागले. माणिकपूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये याचं कुणालाच कौतुक नव्हतं. वकील झाली आणि कोर्टात जात नाही, म्हणजे मुलीत काहीतरी खोट असणार. साहेब तर भेटतील तिथे विचारत, कारकुनी बरी चालली आहे ना? मी हसायचे. मनात म्हणायचे, तुमची अख्खी वकिली माझ्या चार ओळींवर चालते, आणि तुम्हाला ते माहीतही नाही. मासिकात हेडनोट लिहिणाऱ्याचं नाव छापत नाहीत. त्या नावाविना असण्याचाही मला तोरा होता.

काम असं होतं: हायकोर्टाच्या निकालांच्या झेरॉक्स प्रती सकाळी टेबलावर पडत. निकाल वाचायचा, त्यात कोर्टाने कायद्याचा कोणता मुद्दा ठरवला तो शोधायचा आणि नेमक्या शब्दांत वर लिहायचा. दिवसाला दहा-बारा. संपादक नग मोजत. मी सर्वांत भराभर लिहिणारी म्हणून त्यांची लाडकी होते.

माझी आत्या भुईगावला राहते. विधवा, मूलबाळ नाही, केळी आणि पानवेलीची वाडी एकटीने सांभाळणारी. तिच्या वाडीतून डांबरी रस्त्यावर यायची वाट शेजाऱ्याच्या वाडीच्या कडेने होती. तीस-पस्तीस वर्षं तिथूनच तिची हातगाडी जायची, कुणी अडवलं नाही, कुणाला विचारायची वेळ आली नाही. मग शेजाऱ्याने जमीन मुंबईच्या एका बंगलेवाल्याला विकली आणि त्याने कडेने खांब रोवले. दुसरी वाट होती, नाही असं नाही: समुद्राकडच्या बंधाऱ्यावरून मोठा वळसा, हातगाडी जाणार नाही असा, पावसाळ्यात तर अर्धा पाण्याखाली. आत्याने वसई कोर्टात दावा लावला आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाट अडवू नये म्हणून मनाईचा अर्ज केला. बंगलेवाल्याचे वकील आमचे साहेब. आत्याचा वकील एक घाबरट तरुण, साहेबांनी घसा खाकरला तरी मागे सरकणारा.

अर्ज फेटाळला गेला. आठ दिवसांत खांबांना काटेरी तार लागली. आत्या हुकुमाची नक्कल घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “तू वाच. तुला कळतं.”

नक्कल वाचताना मला आधी उकळ्याच फुटल्या. साहेबांनी हायकोर्टाचा एक निकाल दाखवला होता, तोही आमच्याच मासिकातला: दुसरी वाट उपलब्ध असेल तर वहिवाटीने रस्त्याचा हक्क मिळत नाही. न्यायाधीशांनी तो मान्य केला होता. आता हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही चुकीचं वाटेल. दुसरी वाट आहे की नाही हा प्रश्न गरजेपोटी रस्ता मागताना येतो. वीस वर्षांहून जास्त उघडपणे, अखंड, हक्काने वापरून मिळणाऱ्या रस्त्याला दुसरी वाट आड येत नाही. म्हटलं, साहेबांनी हेडनोटसुद्धा धड वाचली नाही. उद्या कचेरीत अंक काढते आणि म्हाताऱ्याची वसईभर शोभा करते.

दुसऱ्या दिवशी अंक काढला. साहेबांनी हेडनोट अगदी बरोबर वाचली होती. हेडनोटमध्ये तेच लिहिलं होतं. ती मी लिहिली होती.

खालचा निकाल वाचला. तीन पानं लांब एक परिच्छेद होता. सुरुवातीला न्यायमूर्तींनी स्पष्ट म्हटलं होतं की प्रतिवादीच्या वकिलांचं म्हणणं पुढीलप्रमाणे आहे. मग ते म्हणणं चालू राहिलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं. मी मधल्या पानावरचं एक ठसठशीत वाक्य उचलून कोर्टाचा निर्णय म्हणून वर टाकलं होतं. पुढच्या परिच्छेदात न्यायमूर्तींनी तेच म्हणणं सपशेल नाकारलं होतं. तिथपर्यंत मी पोचलेच नव्हते. त्या दिवशी माझे चौदा नग झाले होते, हेही मला आठवलं.

मला स्वतःची इतकी किळस आली की डबा उघडवला नाही. साहेब निदान आळशी होते आणि ते लपवत नव्हते. मी आळशी असून वर विदुषी म्हणून मिरवत होते.

संपादकांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. हेडनोट हा निकालाचा भाग नसतो, असं आपण पहिल्या पानावर छापतोच, ज्याने खाली वाचलं नाही त्याची ती चूक, असं त्यांचं म्हणणं. मी हटून बसले तेव्हा पुढच्या अंकात शुद्धिपत्र आलं, शेवटच्या पानावर, कायद्याच्या पुस्तकांच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. वसईत ते एकानेही वाचलं नसेल याची मी पैज लावते.

मी पूर्ण निकालाची प्रत काढली, तो परिच्छेद आणि त्याच्या पुढचा यांवर खुणा करून ती आत्याच्या वकिलाला दिली आणि ठाण्याला अपील करायला लावलं. त्याने निकाल माझ्यासमोर वाचावा म्हणून त्याच्या टेबलाशी बसून राहिले. मग भुईगावला जाऊन आत्याला खरं सांगितलं. न सांगताही चाललं असतं. ती तर ओटीवर शेजारणीला सांगत होती की बघ, माझ्या भाचीने त्या बंगलेवाल्याच्या वकिलाची चूक पकडली. ते ऐकवेना.

आत्या रागावली नाही. तिने विळी बाजूला सारली, हात पुसले आणि म्हणाली, “तो कागद आणलायस? मग वाच. सगळा. मला कळेल असा.”

मी इंग्रजी वाचत मराठीत सांगू लागले. मधला कंटाळवाणा भाग गाळायला गेले तर ती म्हणाली, पान उलटलंस ते दिसलं मला. चार यत्ता शिकलेली बाई, पण दर परिच्छेदाला मला थांबवून एकच विचारायची:

“हे कोण बोलतंय, वकील का जज?”

वाचून व्हायला दोन तास लागले. पुढे पाच महिन्यांनी ठाण्याच्या कोर्टाने मनाई दिली आणि वाटेपुरती तार काढायला लावली. तो अख्खा पावसाळा आत्याने केळीचे घड डोक्यावर घेऊन बंधाऱ्यावरून, गुडघाभर पाण्यातून वाहिले. दोनदा पडली. दुसऱ्यांदा मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं.