मास्तरांच्या आईचं पत्र आणि आमच्या वन्सं

आमच्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या भगिनी, आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं पुन्हा लिहीत आल्या. आधी कोर्टात टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्यावर चार महिने घरी बसल्या आणि मला भाजी चिरायला शिकवू लागल्या. पाचव्या महिन्यात मी देवाला मनापासून साकडं घातलं, आणि त्यांना सार्वजनिक वाचनालयात जुन्या कागदपत्रांच्या खोलीत काम लागलं. लोक घरातली जुनी पत्रं तिथे आणून देतात, वन्सं ती वाचून जशीच्या तशी टाइप करतात. जशीच्या तशी म्हणजे अगदी तशीच. लिहिणाऱ्याने चूक केली असेल तर चूकसुद्धा ठेवायची, खोडलेलं असेल तर खोडलेलं म्हणून लिहायचं, आणि अक्षर लागत नसेल तिथे चौकोनी कंसात ‘अवाच्य’. अंदाजाने भरायचं नाही. घरात कुणी "साधारण असं म्हणाला" असं बोललं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडते. वाचनालयातली माणसं त्यांना मागून भिंगबाई म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही, असा माझा संशय आहे.

त्या घरात आनंदी कधी असतात हे मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही. पण वैतागलेल्या असतात तेव्हा सगळ्या घराला कळतं. गेल्या महिन्यात एका पत्रापायी त्या ज्या वैतागल्या, त्याची गोष्ट रोजच्या वहीत दोन ओळींत मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पत्र होतं कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या आईचं. त्या शिंप्यांना सगळे मास्तर म्हणतात. आता सत्तरीचे आहेत, पण कात्री अजून सरळ चालते. मास्तर सहा-सात वर्षांचे असताना वडील लांब कुठे धरणाच्या कामावर होते आणि आई घरी आजारी पडली. वडील आले ते ती गेल्यावरच. पुढे जन्मभर वडील एकच सांगत राहिले, "तिनेच कळवलं होतं, येऊ नका म्हणून." मास्तरांनी ते कधी खरं मानलं नाही. बापलेक एका छपराखाली राहिले, एकाच मशीनवर आळीपाळीने शिवत राहिले, पण बोलणं कामापुरतंच. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा घराची डागडुजी करताना त्यांच्या पेटीत हे पत्र निघालं. मास्तरांना छापील वाचता येतं, पण हे काही लागेना. ते वन्संकडे आले आणि म्हणाले, "ताई, मला एवढंच हवंय. आईने या म्हटलं होतं की येऊ नका म्हटलं होतं. जे असेल ते सांगा."

पत्र वाचनालयाच्या संग्रहाला देऊन टाकायचंही त्यांनी कबूल केलं.

आता या पत्राचं रूप सांगते. एकच कागद. पुढची बाजू भरली, मागची भरली. मग त्या माउलीने मागच्या बाजूच्या समासात खालून वर लिहीत नेलं. तेही पुरेना म्हणून पहिल्या पानावर मायन्याच्या वर जी बोटभर जागा होती तिथे कागद उलटा धरून लिहिलं. आणि एवढ्यावर भागलं नाही, म्हणून पहिलं पान आडवं फिरवून आधीच्या ओळींवरूनच नव्या ओळी काढल्या. विणलेल्या कापडासारखं झालं होतं ते पान, ताणा आणि बाणा. शाई एकच, हात एकच, आणि आकडा कुठे नाही की "पुढे पाहा" नाही.

वन्सं पहिल्या दिवशी घरी आल्या त्या चपला काढता काढताच बोलू लागल्या. बाईला शेजारून एक जादा कागद मागता आला नसता का? हे म्हणाले, पूर्वी कागद महाग असेल. वन्सं म्हणाल्या, मग कमी बोलायचं. पुढे त्या जेवेपर्यंत कुणीही बोललं नाही.

मूळ कागद खोलीबाहेर न्यायचा नाही असा तिथला नियम आहे. म्हणून वन्संनी त्याच्या मोठ्या आकारातल्या झेरॉक्स काढून घरी आणल्या, आणि माझ्या जेवणाच्या टेबलाचं राज्य गेलं. फिरवून फिरवून मान दुखते म्हणून त्यांनी कात्री घेतली. समासाची पट्टी कापली, वरच्या उलट्या मजकुराची पट्टी कापली, प्रत्येक पट्टी सुलट करून वेगळ्या कागदावर डकवली. पट्टी कापून उरलेलं पहिलं पान आडवं धरून रंगीत पेन्सिलीने गिरवलं: आधीच्या ओळी निळ्या, नंतरच्या लाल. कोर्टातल्या बाडांची सवय, सगळं सुटं करून ओळीत लावायचं. धाकट्याने एका पट्टीवर दुधाचा पेला ठेवला, त्याचं काय झालं ते लिहीत नाही.

नक्कल पुरी झाली की दोघींनी तपासायची असते. एकीने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसरीने टाइप केलेल्यावर बोट फिरवायचं. खोलीतली त्यांची जोडीदारीण बाळंतपणाला गेलेली. म्हणून बोट फिरवायला मला बसवलं. वन्सं पट्ट्या वाचत होत्या, मी नक्कल पाहत होते. शब्द न् शब्द जुळला. फक्त मूळ कागद समोर नव्हता, पट्ट्या होत्या. तेव्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मजकूर असा लागला. मागच्या पानाच्या शेवटी: "तुम्ही काम अर्धं टाकून येऊ नका." समासात राग होता, तुम्हाला आमची काळजी असती तर दोन महिन्यांत एक ओळ तरी आली असती, असा. आडव्या ओळींत: "मला एकटीला आता झेपत नाही. काम राहू दे. तुम्ही या." आणि मायन्यावरच्या उलट्या पट्टीत: "जागा उरली नाही. मघाशी लिहिलं ते मनाला लावून घेऊ नका. आपलं आपण सांभाळा, मी पाहते इथलं."

वन्संनी क्रमही असाच लावला. जागा उरली नाही म्हणते म्हणजे तोच शेवट, असं त्यांचं म्हणणं. मलाही पटलं. बाईने आधी या म्हटलं, मग जीव घट्ट करून मागे घेतलं. आपल्यातल्या कितीजणी असंच करतात.

मास्तरांना वाचनालयात बोलावून वन्संनी नक्कल वाचून दाखवली. घरी येऊन मला सांगत होत्या, मास्तर म्हणाले, "म्हणजे म्हातारा खोटं बोलत नव्हता." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वडिलांचा फोटो दुकानात लावला. मी जाता-येता पाहिला. मशीनच्या वर, आईच्या शेजारी. मला फार बरं वाटलं. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी त्या तिघांचंही नाव घेतलं.

चार दिवसांनी वन्सं दुपारीच घरी आल्या. रंग उडालेला. मला वाटलं पडल्या-बिडल्या.

ग्रंथपालांनी नोंदीसाठी कागदाचं वर्णन मागितलं होतं: लांबी, रुंदी, घड्या, डाग. त्यासाठी मूळ पत्र पाकिटातून काढलं, टेबलावर पसरलं, आणि आडवं फिरवलं. आडव्या ओळी पानाच्या एका कडेपासून निघून दुसऱ्या कडेच्या दिशेने जात होत्या. पण जिथे तो उलटा मजकूर होता तिथे प्रत्येक ओळ त्याच्या अलीकडेच थांबत होती. एका ओळीत शेवटचा शब्द बसेना म्हणून अक्षरं चेपून बारीक केली होती. म्हणजे उलटा मजकूर तिथे आधीच होता. बाईने जागा उरली नाही असं लिहिलं, मनाला लावून घेऊ नका म्हणजे तो समासातला राग मनाला लावून घेऊ नका म्हटलं, आणि पत्र संपवलं. मग राहवलं नाही. कागद फिरवला आणि लिहिलेल्यावरच लिहिलं. तुम्ही या.

"आणि ती कड मी कात्रीने कापून टाकली होती," वन्सं म्हणाल्या. "झेरॉक्सवर ओळी थांबतात तिथे मला पानाचा शेवट वाटला. पान संपलं नव्हतं. मी संपवलं होतं."

मी म्हणाले, मास्तर आता शांत झालेत, फोटो लावलाय, राहू द्या की. देवाला कळतं आपला हेतू. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चहाचं आधण ठेवलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांचा रागच आला. एवढ्याशा मोकळ्या जागेसाठी एका म्हाताऱ्या माणसाची झोप पुन्हा उडवायची? त्या तडक मास्तरांच्या दुकानाकडे निघाल्या; मी सोबत गेले ती त्यांना परत आणता येईल या आशेने.

मास्तर कोट उसवत होते. वन्संनी प्रस्तावना केलीच नाही. उभ्यानेच म्हणाल्या, "मास्तर, मी चुकीचं वाचून दाखवलं. शब्द बरोबर होते, क्रम चुकला. तुमच्या आईने शेवटी ‘या’च म्हटलंय."

मास्तरांनी उसवणं थांबवलं नाही. मग टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि विचारलं, "नक्की?"

"आता नक्की."

"मागच्या वेळीही नक्कीच म्हणाला होतात, ताई."

वन्संना हे लागलं. लागायलाच हवं होतं. त्यांनी ओळी कुठे थांबतात ते समजावून सांगितलं. मास्तरांनी ऐकलं. मापं घेऊन कापड बेतणारा माणूस, त्यांना ते आमच्यापेक्षा लवकर कळलं. मग त्यांनी वडिलांच्या फोटोकडे पाहिलं.

"तुमच्याकडे भिंग, दिवा, झेरॉक्स. तरी तुमचा शेवट चुकला," ते म्हणाले. "त्याने हे धरणावरच्या झोपडीत वाचलं असणार. उलटी ओळ वाचली असेल, संपलं म्हणून घडी घातली असेल. का सगळं वाचूनही आला नाही? हे निघतं का कागदावरून?"

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे मी होतो तिथेच."

"हो."

मी काहीतरी गोड बोलणार होते, पण जिभेवर आलं नाही ते बरंच झालं. मास्तरांनी फोटो काढला नाही. फक्त एवढं म्हणाले की पत्र संग्रहाला द्यायचं नाही, घरी हवंय.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल तणतणले. यादीत नोंद झालेला कागद परत कसा द्यायचा, आणि ही चूक कुणाची? वन्संनी सांगितलं, माझी. हातात आलेला कागदाचा कपटाही त्या सहजी सोडत नाहीत, पण त्यांनीच पत्र जाड पाकिटात घातलं, नवी नक्कल सोबत ठेवली आणि मास्तरांना बसवून कागद कसा धरायचा ते शिकवू लागल्या. आधी असं, मग पाठ, मग समास खालून वर, मग उलटं, मग आडवं. मास्तरांनी दोनदा चुकीचं फिरवलं. दुसऱ्यांदा वन्सं खेकसल्या, "अहो, डावी कड वर. बाही उलटी लावता का तुम्ही?"

मास्तरांनी निमूटपणे कागद नीट धरला, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो एक शब्द स्वतः वाचला.