पुण्याच्या कंपनीला लिहिलेलं दुसरं पत्र

ज्या कंपनीत मी अजून पाऊलही ठेवलं नव्हतं, तिनं मला नको म्हटलंय, हे मला तो मेल तीनदा वाचूनही कळलं नव्हतं. मेल फार सभ्य होता. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा, असंही त्यात होतं. माणसाला दारातून बाहेर ढकलताना त्याच्या चपला सरळ करून ठेवाव्यात, तशातली ती गत. मी त्या वेळी रत्नागिरीतल्या एका मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसले होते. समोर कोळंबीचे नमुने होते. हातमोजे काढून मी फोनवर तो मेल परत वाचला, मग मोजे घालून कोळंबी तपासली, आणि अहवालात चक्क आदल्या दिवसाची तारीख घातली.

नोटिशीचा महिना संपत आला होता. पुण्याजवळच्या एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीनं मला ऑफर लेटर दिलं होतं, मी ते सही करून परत पाठवलं होतं, त्यानंतरच इथला राजीनामा दिला होता. म्हणजे सगळं शहाण्यासारखं केलं होतं. राजीनाम्यात कारण मात्र ‘वैयक्तिक’ एवढंच लिहिलं, कारण आईचा हुकूम तसा होता. आमच्याकडे काम पदरात पडल्याशिवाय चार लोकांत बोलायचं नाही, दृष्ट लागते. तिच्या या शास्त्राला मी विज्ञानाची पदवीधर असूनही कधी विरोध केलेला नाही, कारण ती खरी ठरली तर काय घ्या.

पहिल्यांदा मी आमच्या मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि राजीनामा मागे घेता येईल का, असं विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं की मुंबईच्या ऑफिसनं राजीनामा मंजूर केलाय आणि माझ्या जागेवर देवरुखकडची एक मुलगी घेतलीय. तिला पत्र गेलंय आणि तिनं चिपळूणच्या एका लॅबमधली नोकरी सोडलीय. तुला परत घ्यायचं तर तिला नको म्हणावं लागेल, बोल, म्हणाले. मला त्या न बघितलेल्या मुलीचा रागही आला आणि कीवही आली. दोन्ही एकदम आल्यामुळे मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले.

मग कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकिलांकडे गेले. आमच्या ओळखीचे होते. माझ्या डोक्यात दणदणीत नोटीस होती, कंपनीला घाम फुटेल अशी. वकिलांनी ऑफर लेटर शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मी पगाराच्या पानापर्यंतच नीट वाचलं होतं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की ही ऑफर माझ्या पार्श्वभूमीची पडताळणी समाधानकारक झाली तरच लागू राहील. वकील म्हणाले, तू अजून त्यांची कामगार झालेली नाहीस, त्यामुळे कामगार कार्यालयात फार काही हाती लागायचं नाही. दिवाणी दावा लावता येईल, नुकसानभरपाई मागता येईल, पण हे कलम ते पहिलं पुढे करतील, आणि दावा चालेल तोवर तू इथंच बसशील. आधी साधं पत्र लिही. ऑफर कधी आली, तू ती कधी स्वीकारलीस, त्यावर विसंबून राजीनामा कधी दिलास, ते सगळं ओळीनं लिही, प्रती जोड, आणि कारण विचार. धमकी नको आणि रडगाणंही नको.

धमकी नको आणि रडगाणंही नको, तर मग उरतं काय, हेच मला कळेना. माझा पहिला मसुदा देवापुढच्या गाऱ्हाण्यासारखा झाला, फक्त शेवटी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं राहिलं होतं. दुसरा वाचून मलाच माझी भीती वाटली. तिसऱ्यात मी फक्त घडलं ते लिहिलं आणि खाली दोन विनंत्या केल्या: ऑफर मागे घेण्याचं कारण कळवावं, आणि जागा अजून रिकामी असेल तर फेरविचार करावा. हे पत्र इतकं कोरडं होतं की ते माझं आहे असं वाटेना. तेच पाठवलं.

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. तिथल्या एचआरच्या बाईंनी लिहिलं होतं की पडताळणी करणाऱ्या एजन्सीच्या अहवालानुसार, कौटुंबिक जबाबदारीमुळे उमेदवार रत्नागिरी सोडून राहणार नाही, असं सध्याच्या कंपनीनं स्पष्ट सांगितलं आहे.

माझं डोकंच चालेना. सध्याच्या कंपनीनं म्हणजे कुणी? माझ्यावर इतका डूख धरणारं कोण होतं? आदल्या वर्षी बर्फाच्या तपासणीवरून मी एका सुपरवायझरशी भांडले होते. डबा खाताना मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि प्रत्येकाच्या तोंडावर मला कट दिसत होता. मग आठवलं की फॉर्मवर सध्याच्या कंपनीतला संपर्क म्हणून मी हेडक्लार्ककाकांचा नंबर दिला होता. आमच्यासारख्या ठिकाणी एचआर म्हणजे तेच. हजेरी, रजा, पगारपत्रक सगळं त्यांच्याकडे. पण काका माझ्या वाईटावर? मी नोकरीला लागले तेव्हापासून ते मला ‘बाय’ म्हणत आले होते.

त्यांच्या टेबलाजवळ जाऊन मी विचारलं, माझ्याबद्दल पुण्याहून कुणाचा फोन आला होता का. काकांचा चेहरा उजळला. इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, “आलावता गो. बोलायला चांगला वाटला पोरगा. कळवलं नाय काय त्यांनी अजून?”

तेव्हा मला सगळं समजलं. आमच्या कारखान्यातल्या मुलींच्या लग्नाच्या चौकशा काकांच्याच फोनवर येत. मुलाकडच्यांना घरी विचारायला संकोच वाटतो, म्हणून ते मुलगी काम करते तिथं फोन करतात. काकांनी अशी दोन-तीन लग्नं पार पाडली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी ‘वैयक्तिक कारण’ लिहून राजीनामा दिल्यावर, तिशी ओलांडलेली मुलगी, दुसरं कारण काय असणार, असं सगळ्या कारखान्यानं ठरवून टाकलं होतं. त्यात पुण्याहून एक तरुण आवाज विचारतो की आम्ही त्यांची चौकशी करतोय, किती वर्षं ओळखता, वागायला कशा आहेत, पुण्यात राहायला काही अडचण? कंपनीचं नाव त्यानं सांगितलं असेलही, पण काकांना वाटलं की पोरगा तिथं नोकरीला आहे.

वागणुकीबद्दल त्यांनी मला सोन्यानं मढवलं होतं. आणि मग माझ्या वतीनं बोलणीही केली होती. “मी सांगितलं त्याला,” काका म्हणाले, “आईच्या डोळ्यांना कमी दिसतं, तिला एकटी टाकून ही पोर कुठं जायची नाय. आईला संगती ठेवणार असाल तरच पुढचं बोला. लग्न झाल्यावर भांडणं नकोत, आधीच सांगितलेलं बरं.”

तो फोन कसला होता ते मी सांगितलं, तेव्हा काका खुर्चीत मागे टेकले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांना पाणी आणून द्यायचं होतं. मी पाणी आणून दिलं. मग त्यांनीच मॅनेजरसाहेबांना जाऊन सांगितलं आणि कारखान्याच्या लेटरहेडवर खुलासा लिहून दिला, की फोनचा हेतू समजण्यात चूक झाली आणि उमेदवारानं असं काही कधी सांगितलेलं नाही.

मी घरून एचआरच्या बाईंना फोन केला, स्पीकरवर, आई शेजारीच होती. त्या आधी हसल्या, मग सॉरी म्हणाल्या, मग पुन्हा कामाच्या आवाजात बोलल्या. जागा अजून भरलेली नव्हती. खुलासा पाठवा, म्हणाल्या, पण अहवालात एकदा ती गोष्ट आल्यामुळे मला वरिष्ठांना कागद दाखवावा लागेल. तेव्हा सोबत तुमचं पत्र द्या, की तुमच्यावर अशी कोणतीही कौटुंबिक जबाबदारी नाही, जिच्यामुळे पुण्यात राहायला अडचण येईल.

गोष्ट इथं संपायला हवी होती. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य लिहायला बसले आणि लक्षात आलं की काकांनी चुकीच्या माणसाला सांगितलं होतं, पण खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ऑफर आल्यापासून आई आणि मी पुण्यातल्या थंडीबद्दल बोललो होतो, कुठली भांडी न्यायची ते बोललो होतो. ती येणार की नाही, हे मी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. विचारलं की ती ‘बघू गो’ म्हणेल, आणि ‘बघू’ म्हणजे नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. आमचं घर रत्नागिरीजवळ, शिरगावच्या बाजूला. तिथली वाट तिच्या पायांना पाठ आहे, म्हणून तिला दिसत नाही हे तिकडे फारसं कुणाच्या लक्षातही येत नाही. पुण्यातल्या कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर ती आंधळी झाली असती.

मला राग आला तो काकांचा. पस्तीस वर्षं हजेरी मांडणाऱ्या माणसाला कळतं ते मला घरात राहून विचारता आलं नव्हतं.

पत्र लिहून झालं तेव्हा आई ओट्याशी सुपात तांदूळ निवडत होती, बोटांनी खडे शोधत. “काय लिवलंस ता वाच,” ती म्हणाली. “विंग्रजी नको, आपल्यात सांग.”

मी मराठीत सांगत गेले. महोदया, आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. सोबत सध्याच्या कंपनीचा खुलासा जोडला आहे. पडताळणीच्या फोनबाबत झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहे. आपण द्याल त्या तारखेला मी रुजू होण्यास तयार आहे. आपली विश्वासू.

आईचा हात तांदळात थांबला. “त्या बायनं मागितलंन, ता कुठं हाय?”

मी म्हटलं, आहे त्यात.

“मग वाच.”

मी वाचलं. माझ्यावर अशी कोणतीही कौटुंबिक जबाबदारी नाही. एवढं म्हणून पुढचं वाक्य मला म्हणता येईना. आपण रडतोय हे कळायलाही मला वेळ लागला, कारण मी रागावलेय अशीच माझी समजूत होती.

आईनं सूप बाजूला ठेवलं. “बराबर लिवलंस,” ती म्हणाली. “पाठव.” मग थोड्या वेळानं ती उठली, ओटा चाचपत टोकाशी गेली, खाली वाकली आणि म्हणाली, “आणि हयसर ये. हा सिलिंडर बदलायचा कसा ता माका दाखव. तो खटका हाताला गावत नाय.”

मी तिचा हात धरून रेग्युलेटरवर ठेवला. कंपनीचा होकार आला, तोवर तिला ते जमायला लागलं होतं.