मग बघू

"साहेबांनासुद्धा ओळखू येणार नाही, हा मेल त्यांनी लिहिलाय की मी," असं ती एकदा चहाच्या मशीनपाशी म्हणाली होती. हसत म्हणाली होती. भोवतीचे चौघेही हसले होते, आणि हिशेबनीस म्हणाला होता, "म्हणूनच तुला कार्बन म्हणतो आम्ही." नाव चिकटलं ते चिकटलंच. नऊ वर्षं ती संचालकांची सहायिका होती, आणि नऊ वर्षं सगळ्या मजल्यावर कार्बन होती.

ती कला तिला आयती मिळालेली नव्हती. नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांत तिनं साहेबांचे दोन वर्षांचे पाठवलेले मेल वाचून काढले. एका वहीत टिपणं ठेवली. साहेब नमस्कार लिहीत नाहीत. नाव, स्वल्पविराम, की थेट विषय. वाईट बातमी पहिल्या ओळीत नसते, दुसऱ्या ओळीत असते. आभार फक्त वरच्यांचे. 'मला वाटतं' कधीच नाही. बँकेला लांब वाक्यं, गोदामाला आखूड. वाक्य अर्धं सोडायचं तर तीन नव्हे, दोनच टिंबं. आणि नकार द्यायचा असेल तर शेवटी 'मग बघू'.

नेहमीचे मेल ती स्वतःच साहेबांच्या नावानं पाठवायची. घेणाऱ्याला तिचं नाव कुठंच दिसायचं नाही. महत्त्वाचे ती मसुदा करून ठेवायची. साहेब पहिली ओळ वाचायचे, शेवटची वाचायचे, मधला एखादा शब्द बदलायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे." शब्द बदलल्याशिवाय त्यांचा एकही मसुदा सुटत नसे. खांब दिसला की कुत्र्याला राहवत नाही, असं हिशेबनीस त्यावर म्हणायचा. तीही हसायची, पण मनातून तिला त्या एका शब्दाचा राग यायचा. कुठला शब्द बदलला जाईल हेही तिला आता आधी कळायचं, आणि कधीकधी ती मुद्दाम एक कच्चा शब्द ठेवायची, साहेबांच्या हाताला काहीतरी मिळावं म्हणून.

हे सगळं हळूहळू घरी आलं. नवरा विचारायचा, भाजी काय आणू, आणि तिचं उत्तर यायचं: 'जे ताजं असेल ते. उशीर नको.' तो संध्याकाळी दारातच हात जोडून म्हणायचा, "साहेब, पान वाढू का?" पहिली काही वर्षं हा विनोद होता. नंतर तो नुसतं पान वाढायचा.

गोदामातली माल चढवायची लिफ्ट पडली ती मंगळवारी, दुपारच्या पाळीत. दोरखंडाच्या तारा सुटत आल्या होत्या. खाली उभा असलेला हमाल जागच्या जागी गेला. त्याच्या अठरा दिवस आधी देखभालीच्या मिस्त्रींनी साहेबांना लिहिलं होतं, की दोरखंड बदलायला दोन दिवस लिफ्ट बंद ठेवावी लागेल, परवानगी द्या.

तो मेल तिनंच उघडला होता. साहेब तेव्हा दुसऱ्या बैठकीला निघाले होते. जिन्यात तिनं विचारलं, तर ते न थांबता म्हणाले, "त्याला सांग, महिनाअखेरपर्यंत ओढा." एवढंच. जागेवर येऊन तिनं मसुदा केला: 'तुमचा मुद्दा रास्त आहे. माल निघायचा आहे. महिनाअखेरपर्यंत काळजीपूर्वक चालवा. नंतर बघू.' 'नंतर' तिनं मुद्दामच ठेवलं होतं. साहेबांनी परत येताना दारातच फोनवर मसुदा उघडला, 'नंतर'चं 'मग' केलं आणि म्हणाले, "जाऊ दे." तिनं बटण दाबलं.

चौकशीला तिघं बसले. लांब टेबल, पाण्याच्या तीन बाटल्या, तिच्यासमोर एकही नाही. संगणक विभागानं नोंद दिली होती: मेल तिच्या लॅपटॉपवरून, तिच्या लॉगिननं गेला. साहेबांनी शब्द बदलला होता याची खूण कुठं राहिली नव्हती. मसुदा प्रत्येक बदलाबरोबर आपला आधीचा चेहरा पुसतो. मसुदा साहेबांनी पाहिला होता असं तिनं सांगितलं, तेव्हा मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी कागदावरून वाचून दाखवलं, की साहेबांनासुद्धा ओळखू येणार नाही असं आपण म्हणाला होतात, चारजणांसमोर. मग शांतपणे विचारलं, "मग आम्हाला कसं ओळखू येणार?"

नऊ वर्षांत तिच्या कामाला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र होतं.

बाहेर बाकावर मिस्त्री बसले होते, हातात टोपी चुरगाळत. त्यांची पाळी पुढची होती. ती जवळून जाताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, एक विचारू? 'काळजीपूर्वक चालवा' आलं, म्हणून मी चालवली. वाटलं, साहेबांनी विचार केलाय. नुसतं 'चालवा' आलं असतं ना, मी स्वतःच्या जबाबदारीवर बंद केली असती. तो शब्द त्यांचा होता का?"

"माझा होता," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला आत बोलावलं. बसायला सांगितलं, हे नवीन होतं. समितीला आज आपलं निवेदन जायला हवं, म्हणाले. मेल आपल्याला न दाखवता गेला, सहायिकेनं परस्पर उत्तर दिलं, असा आशय. तिची नोकरी जाईल, त्याला इलाज नाही. पण दुसरीकडे कुठं चिकटवून देण्याचं ते बघतील. मग, पाणी मागावं तसं, म्हणाले, "नेहमीसारखा मसुदा करून ठेव."

ती जागेवर आली. वही उघडायची गरज नव्हती. नमस्कार नाही, थेट विषय. वाईट बातमी दुसऱ्या ओळीत. दहा मिनिटांत मसुदा झाला, आणि तिनं लॅपटॉप उचलून साहेबांसमोरच नेऊन ठेवलं.

साहेबांनी पहिली ओळ वाचली. शेवटची वाचली. मग थांबले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मधलंही वाचलं.

'लिफ्टबद्दल विचारणा झाली, त्याचं उत्तर देतो. दोरखंड झिजल्याचं मला माहीत होतं. माल निघायचा होता.. मी तोंडी "ओढा" म्हणालो. "काळजीपूर्वक चालवा" हे शब्द माझ्या सहायिकेचे. मजकूर मी वाचला, एक शब्द बदलला, पाठवायला सांगितलं. लिफ्ट थांबवायला हवी होती. आम्ही दोघांनीही थांबवली नाही.'

बराच वेळ साहेबांचं बोट कळांवर अधांतरी राहिलं. बदलायला एक शब्दही सापडत नव्हता. या वेळी तिनं कच्चा शब्द ठेवलाच नव्हता.

"हे मी लिहिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "पण तुमचंच आहे."

त्यांनी सगळा मजकूर निवडला आणि पुसला. पांढरा पडदा उरला. तिच्याकडे न बघता त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला, दोन बोटांनी एक शब्द टाइप केला, पुसला. दुसरा टाइप केला, तोही पुसला. खोलीत पंख्याचा आणि कळांचा तेवढा आवाज होता. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजात दरडावणी नव्हती, खरोखरच आठवत नसल्याची अडचण होती:

"मी सुरुवात कशी करतो गं?"

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं, टेबलावर त्यांच्या हाताजवळ ठेवलं आणि दार उघडून बाहेर पडली.